ताण की दाब? ट्रसच्या आकृतीची झडती

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकेत ट्रसचे गणित लांबूनच ओळखू येते. पट्टीने आखलेली त्रिकोणांची रांग, खाली दोन आधार, मध्येच खाली रोखलेला एखादा जाड बाण, आणि प्रत्येक दांड्याच्या अंगावर एक आकडा व त्यापुढे एक अक्षर: ‘टी’ किंवा ‘सी’. टी म्हणजे टेन्शन, दांडा ताणला जातो आहे. सी म्हणजे कॉम्प्रेशन, दांडा दाबला जातो आहे. आकडा काढताना घाम गाळलेला असतो, अक्षर मात्र शेवटी घाईघाईने चिकटवलेले असते. प्रत्यक्ष पुलात किंवा शेडमध्ये हिशेब उलटा आहे. आकड्यातली लहानशी चूक बऱ्याचदा पचून जाते, कारण दांडा निवडताना थोडी जादा ताकद धरलेलीच असते. अक्षर चुकले, तर दांड्याची जातच चुकते.

अशी सोडवलेली आकृती कोणी हातात दिली, तर ती बरोबर आहे की नाही हे कसे ठरवायचे? सगळे गणित पुन्हा करण्याची गरज नसते. आकृतीलाच प्रश्न विचारता येतात, आणि खोटी आकृती कुठे ना कुठे अडखळते. हे एका छोट्या ट्रसवर नीट पाहता येईल.

समजा, एका ओढ्यावर बारा मीटर लांबीचा ट्रस आहे. खाली चार सांधे, डावीकडून क, ख, ग आणि घ, प्रत्येकात चार मीटर अंतर. ख-च्या डोक्यावर तीन मीटर उंचीला च आणि ग-च्या डोक्यावर छ. खालच्या रांगेत क-ख, ख-ग, ग-घ हे तीन दांडे. वर च-छ हा एक. दोन टोकांना क-च आणि छ-घ हे तिरके. मध्ये ख-च आणि ग-छ हे उभे. आणि मधल्या चौकोनात च-पासून ग-पर्यंत उतरणारा एक कर्ण. एकूण नऊ दांडे, सहा सांधे. डावा आधार खिळीचा, उजवा रुळांवरचा. ख-वर ४५ किलोन्यूटन वजन टांगलेले आहे, म्हणजे साधारण साडेचार टन. तिरके दांडे तीन-चार-पाचच्या त्रिकोणातले, प्रत्येकी पाच मीटर लांब, त्यामुळे आकडेमोड तोंडी होते.

पहिली मोजणी कागदाला पेन न लावता करायची. दर सांध्याला दोन समीकरणे मिळतात, एक आडव्या बलांचे आणि एक उभ्या बलांचे. सहा सांध्यांची बारा. अज्ञात गोष्टीही बाराच: नऊ दांड्यांतली बले आणि आधारांच्या तीन प्रतिक्रिया. जमले. अज्ञाते बारापेक्षा जास्त असती, तर केवळ या समीकरणांनी उत्तर निघालेच नसते. दांडे कमी असते, तर ट्रस डळमळला असता.

आता आधार. संपूर्ण ट्रस एक वस्तू धरून डाव्या टोकाभोवती फिरवून पाहायचा. ४५ किलोन्यूटन चार मीटरवर, म्हणजे १८०; उजवा आधार बारा मीटरवर, म्हणून त्याच्या वाट्याला १५. उरलेले ३० डाव्या आधाराला. वजन डावीकडे जवळ आहे, तेव्हा डावीकडचा वाटा मोठा, हे डोळ्यालाही पटते. हे डोळ्याने पटवणे टाळले, की ३० आणि १५ यांची अदलाबदल होते, आणि ती चूक गणिताच्या अगदी शेवटपर्यंत शांत बसून राहते.

खरी गंमत क या सांध्यावर सुरू होते. आधार त्याला ३० किलोन्यूटनने वर ढकलतो. क-ख हा दांडा आडवा, तो वर-खाली काहीच करू शकत नाही. मग हे ३० खाली कोण दाबणार? फक्त क-च. तो वर उजवीकडे गेलेला आहे. सांध्याला खाली रेटायचे तर त्याला सांध्याकडे ढकलावे लागेल. ढकलणारा दांडा स्वतः दाबला गेलेला असतो. म्हणून क-च वर सी. त्याचा उभा हिस्सा पाचास तीन, म्हणून बल ५०. आडवा हिस्सा पाचास चार, म्हणजे ४०, तो सांध्याला डावीकडे रेटतो. त्याला थोपवायला क-ख ने सांधा उजवीकडे ओढायला हवा. ओढणारा दांडा ताणात. क-ख वर ४०, टी.

इथे जरा थांबायला हवे, कारण अक्षरांचा निम्मा गोंधळ याच जागी जन्माला येतो. आकृतीत बाण काढतात ते दांड्याच्या टोकांशी, सांध्यांजवळ. ताणातला दांडा दोन्ही सांध्यांना आपल्याकडे ओढतो, म्हणून त्याच्या दोन टोकांचे बाण एकमेकांकडे, दांड्याच्या मध्याकडे वळलेले दिसतात. नव्या माणसाला वाटते की दांडा दोन्हीकडून चेपला जातो आहे, आणि तो बिनधास्त सी लिहितो. दाबातल्या दांड्याचे बाण सांध्यांवर आदळताना, म्हणजे बाहेर पळताना दिसतात, आणि त्याच्यापुढे टी पडतो. बाण सांध्यावरच्या बलाचा आहे, दांड्यावरच्या बलाचा नाही, हे एकदा डोक्यात बसले की नियम एका ओळीचा होतो: बाण सांध्यापासून दूर जात असेल तर ताण, सांध्यात घुसत असेल तर दाब. तपासणाऱ्याने पहिल्यांदा हेच पाहायचे. नऊच्या नऊ अक्षरे उलटी पडली असतील आणि आकडे सगळे बरोबर असतील, तर रोग दुसरा नसतो.

गोंधळाचे दुसरे मूळ ऋण चिन्हात असते. बरेच जण शहाणपणाने सगळे दांडे ताणात आहेत असे धरून चालतात. उत्तर उणे आले, तर दांडा दाबात. ही पद्धत उत्तम आहे, पण मग ते उणे पुढच्या सांध्यावर तसेच न्यायचे असते. काही जण उणे पाहून बाणही उलटा करतात आणि समीकरणात उणे आकडाही घालतात. दोनदा उलटवलेली गोष्ट पुन्हा मूळपदावर येते, आणि दाबातला दांडा पुढच्या सांध्यावर ताणातला म्हणून वावरू लागतो. आकृतीत याची खूण पटकन दिसते: ‘उणे ५०, सी’ असे लिहिलेले असते. उणे आणि सी दोन्ही एकाच जागी दिसले, की पुढचा सांधा संशयित.

ख हा सांधा फार बोलका आहे. वजन त्याला ४५ ने खाली ओढते. आडवे दोन दांडे उचलायला कामाचे नाहीत. उरतो ख-च, तो वरून सांधा उचलून धरतो, म्हणजे ओढतो. ४५, टी. दोरीने पोहरा धरावा तसा हा दांडा वजन धरून आहे. दोरीने काही ढकलता येत नाही आणि इथे ढकलायची गरजही नाही. तरीही विद्यार्थ्यांच्या आकृत्यांत या दांड्यावर सी सापडतो. कारण पाठांतर. अमेरिकेतील थॉमस आणि केलेब प्रॅट या पितापुत्रांनी १८४४ मध्ये ज्या ट्रसचे पेटंट घेतले, त्यात उभे दांडे दाबात आणि कर्ण ताणात, असे पुस्तकात वाचलेले असते. ते मधल्या उभ्या दांड्यांबद्दल खरे आहे. खालून वजन घेणाऱ्या ट्रसच्या टोकाजवळचा उभा दांडा मात्र वजन टांगून धरायचेच काम करतो. ट्रसच्या नावावरून अक्षर लिहिले, की असे होते.

आडव्या दिशेला ख वर फक्त दोनच बले आहेत, त्यामुळे ख-ग मध्येही ४०, टी.

आता च. क-च त्याला वर ३० ने आणि उजवीकडे ४० ने रेटतो. ख-च त्याला ४५ ने खाली ओढतो. वर जाणारे बल पंधराने कमी पडते. वरचा च-छ आडवा, तो मदत करू शकत नाही. राहिला च-ग हा कर्ण, जो खाली उजवीकडे उतरतो. च ला वर उचलायचे तर त्याने ढकललेच पाहिजे. म्हणून २५, सी. त्याचा आडवा हिस्सा २० डावीकडे. ४० मधून २० गेले, उरलेले २० च-छ ने परत रेटायचे. २०, सी. याच सांध्यावर ‘प्रॅटचे कर्ण ताणात’ या पाठांतराने कर्णाला २५ टी लिहिले असते, तर वर ३०, खाली ४५ अधिक १५, तीसचा फरक. आकडा बरोबर, अक्षर चूक, आणि सांधा लगेच बोंबलतो.

छ वर तीनच दांडे. च-छ उजवीकडे २० ने रेटतो, म्हणून छ-घ ला डावीकडे २० ने रेटावे लागते: २५, सी. त्याचा उभा हिस्सा १५ वर, तो ग-छ ने खाली ओढून मिटवायचा: १५, टी.

आता ग. डावीकडे ख-ग ४० ने ओढतो. कर्ण दाबात असल्याने ग ला खाली उजवीकडे रेटतो: उजवीकडे २०, खाली १५. ग-छ वर १५ ने ओढतो. उभे बरोबर मिटले. आडवे मिटवायला ग-घ मध्ये २०, टी. शेवटी घ: छ-घ त्याला उजवीकडे २० आणि खाली १५ ने रेटतो, ग-घ डावीकडे २० ने ओढतो, आधार वर १५ ने उचलतो. शून्य, शून्य.

शेवटच्या दोन सांध्यांवर एक लक्षात येण्याजोगी गोष्ट घडली. ग वर उभे समीकरण न सोडवताच मिटले. घ वर दोन्ही मिटली. हा योगायोग नाही. प्रतिक्रिया आधीच संपूर्ण ट्रसवरून काढल्या होत्या, त्यामुळे बारांपैकी तीन समीकरणे शिल्लक राहिली. ही तीन म्हणजे फुकट मिळालेले साक्षीदार. सुरुवातीला आधारांची अदलाबदल करून डावीकडे १५ घेतले असते, तर क, ख, च, छ हे चारही सांधे निमूटपणे सुटले असते, आकडे वेगळे आले असते एवढेच. ग वर मात्र उभ्या दिशेने ४५ चा फरक उघडा पडला असता. म्हणूनच उत्तरपत्रिकेत शेवटचा सांधा ‘त्याचप्रमाणे’ या एका शब्दात गुंडाळलेला दिसला, तर अनुभवी परीक्षक तिथेच बोट ठेवतो. पाच सांधे करून सहावा सोडणे म्हणजे साक्षीदारांना न बोलावताच निकाल लिहिणे.

पण सगळे सांधे मिटले म्हणजे आकृती निर्दोष, असेही नाही. एक चूक अशी आहे की ती सगळ्या सांध्यांना फसवते. समजा कोणी साइन आणि कोसाइनची अदलाबदल केली, आणि ती प्रत्येक सांध्यावर इमानदारीने तशीच केली. उभा हिस्सा पाचास चार, आडवा पाचास तीन. मग क-च मध्ये ३७.५ येतात, क-ख मध्ये २२.५, कर्णात १८.७५, च-छ मध्ये ११.२५. पुढे जात राहिले तर ग मिटतो, घ मिटतो, तिन्ही साक्षीदार खूश. कारण विद्यार्थ्याने गणित बरोबरच सोडवलेले असते, फक्त ते दुसऱ्याच ट्रसचे: तीन मीटरचे गाळे आणि चार मीटर उंची असलेल्या.

हा चोर पकडायला सांधे सोडून वेगळी वाट धरावी लागते. जर्मन अभियंते ऑगस्ट रिटर यांच्या नावाने ओळखली जाणारी छेदाची पद्धत इथे कामाला येते. मधल्या चौकोनातून एक काल्पनिक रेघ मारून च-छ, च-ग आणि ख-ग हे तीन दांडे कापायचे आणि डावा तुकडा हातात घ्यायचा. च या बिंदूभोवती फिरवून पाहिले तर वरचा दांडा आणि कर्ण दोघेही च मधूनच जातात, त्यांचा प्रश्न मिटला. वजनही च च्या बरोबर खाली आहे. उरतात दोघेच: आधाराचे ३० चार मीटरवर आणि ख-ग तीन मीटरवर. १२० भागिले ३, म्हणजे ४०. आकृतीत २२.५ लिहिलेले असेल, तर कोन उलटा धरला आहे हे एका ओळीत सिद्ध झाले. इथे मीटरमधली खरी मापे वापरली गेली, साइन-कोसाइन नाही, म्हणून जुनी चूक नव्या हिशेबात शिरू शकली नाही. तपासणी अशीच हवी, मूळ चुकीचा रस्ता न तुडवणारी.

वजनच चुकून ५४ वाचले असेल, तर मात्र कुठलीच पद्धत ओरडणार नाही. समतोल ५४ चाही होतो. ते मूळ प्रश्नाशी ताडूनच पाहावे लागते.

आता त्या अक्षराची किंमत. आपला कर्ण पाच मीटर लांब आहे आणि त्यात २५ किलोन्यूटन बल आहे. तिथे २५ मिलिमीटर जाडीची साधी पोलादी सळई लावली आणि ती ताणात असेल, तर ती कायमची लांबायला लागण्याआधी सुमारे १२० किलोन्यूटन सहज झेलते. तीच सळई दाबात असेल, तर लिओनार्ड ऑयलर यांनी अठराव्या शतकात मांडलेल्या सूत्रानुसार ती साधारण दीड किलोन्यूटनलाच बाजूला वाकून निसटते. दीड किलोन्यूटन म्हणजे जेमतेम दीडशे किलोचे वजन. पोलाद तेच, जाडी तीच, एका अक्षराने ताकद ऐंशी पटीने खाली येते. शिवाय लांबी दुप्पट झाली की ही वाकण्याची मर्यादा चौथाईवर येते. ताणाला लांबीचे असे काही वावडे नसते. आकृतीत २५ टी आणि २५ सी यांच्यात पेनाच्या एका वळणाचा फरक दिसतो, कारखान्यात एका जागी सळई जाते आणि दुसऱ्या जागी जाडजूड पोकळ नळी किंवा जोडलेले अँगल.

कॅनडातील क्विबेक पुलाची गोष्ट याच संदर्भात आठवते. २९ ऑगस्ट १९०७ रोजी सेंट लॉरेन्स नदीवर बांधकाम चालू असताना या पुलाचा दक्षिणेकडचा भाग कोसळला आणि ७५ कामगार मरण पावले. बळी पडलेला दांडा होता खांबाजवळचा खालचा दांडा. साध्या, दोन टोकांना टेकलेल्या ट्रसमध्ये खालचे दांडे ताणात असतात, आपल्या आकृतीतही तसेच आहे. पण क्विबेकचा पूल खांबावरून पुढे झेपावणारा होता, आणि अशा पुलात खांबाजवळ खालचे दांडे दाबात जातात. तिथल्या अभियंत्यांना हे ठाऊक होते. अक्षर बरोबर होते. दाबातल्या दांड्याचे वेगवेगळे पत्रे एकत्र बांधून ठेवणारी जाळी मात्र कमकुवत होती, आणि पुलाचे स्वतःचे वजन हिशेबात कमी धरले गेले होते. कोसळण्याच्या आधी काही दिवस खालच्या दांड्यांना बाक आल्याचे जागेवरच्या माणसांनी पाहिले होते. ताणातला दांडा असा आगाऊ बाक दाखवत नाही. तो ताणला की उलट सरळच होतो.

आता आपल्या ट्रसवरचे तेच वजन ख वरून उचलून ग वर ठेवू या. गाडी पुढे सरकली, एवढेच. प्रतिक्रिया उलटतात: डावीकडे १५, उजवीकडे ३०. क-च मध्ये २५ सी. ख वर आता वजनच नाही, म्हणून ख-च शून्य. च ला क-च वर १५ ने रेटतो, आणि ते खाली ओढायला फक्त कर्ण उरतो. कर्ण २५, टी. आकडा जसाच्या तसा, अक्षर उलटे. आणि दोन्ही ठिकाणी सारखेच वजन ठेवले, तर कर्णात शून्य.

हा शून्य फसवा असतो. आकृती पाहणाऱ्याला वाटते, दांडा काहीच करत नाही, काढून टाकू. काढला तर दांडे आठ, अज्ञाते अकरा, समीकरणे बाराच. वजन अगदी सारखे असेल तोवर ट्रस उभा राहील. एका बाजूला जरा जास्त झाले की मधला चौकोन तिरका होऊन कोलमडेल. म्हणून शून्य लिहिलेल्या दांड्यापाशी तपासणाऱ्याने विचारायचे, हा शून्य याच भाराचा आहे की सगळ्या भारांचा? जुन्या रेल्वेपुलांच्या मधल्या गाळ्यांत फुलीसारखे दोन कर्ण दिसतात, ते याच कारणाने. बारीक पट्टीचा कर्ण दाबाला नालायक, म्हणून दोन्ही दिशांना एकेक लावायचा; गाडी कुठेही असली तरी दोघांपैकी एक जण ताणात राहून काम करतो आणि दुसरा स्वस्थ बसतो.

असे पुलावरच होते असे नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडखाली उभे राहून वर पाहिले, तर कैचीचा खालचा दांडा लांब आणि सडपातळ दिसतो. पत्रा, पर्लिन आणि माणसांचे वजन खाली दाबत असते, त्यामुळे तो ताणात असतो आणि सडपातळ असून चालतो. पण वादळी वाऱ्यात पत्रा वर खेचला जातो. शेड हलकी असेल, तर वाऱ्याचे उचलणे वजनाला भारी पडते आणि सगळ्या कैचीची अक्षरे एका झटक्यात उलटी होतात: वरचे दांडे ताणात, खालचा दाबात. भारतीय मानक संहिता आयएस ८०० मध्ये यासाठी वेगळी ओळच आहे. दांड्याची लांबी आणि त्याच्या काटछेदाचा सडपातळपणा यांचे जे गुणोत्तर असते, ते कायम ताणात राहणाऱ्या दांड्यासाठी ४०० पर्यंत चालते. वजनाने दाबात जाणाऱ्यासाठी १८०. एरवी ताणात असलेल्या पण वाऱ्याने किंवा भूकंपाने उलटू शकणाऱ्या कैचीच्या दांड्यासाठी ३५०.

म्हणूनच शेडच्या नकाशासोबत येणाऱ्या तक्त्यात एका दांड्यापुढे एकच अक्षर नसते. दोन रकाने असतात, एकात जास्तीत जास्त ताण, दुसऱ्यात जास्तीत जास्त दाब, आणि प्रत्येकाखाली तो कोणत्या भाराने आला ते लिहिलेले. वाऱ्याचा रकाना कोरा दिसला, तर तपासणारा सांधे मोजायच्या आधीच नकाशा परत पाठवतो.